‘छपरी’ म्हणणाऱ्याला किती गुण मिळतात?

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बीपी-शुगर तपासणीला गेल्या वर्षी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा सतरा वर्षांचा. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. तोंडाला रुमाल बांधलेला, नजर खाली. आई म्हणाली, “सिस्टर, बघा ना याच्या तोंडाला काय झालंय ते.” रुमाल काढला तर दोन्ही गाल लालबुंद, बारीक पुटकुळ्या आणि कातडी इतकी पातळ झालेली की खालच्या रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत होत्या. मी विचारलं, “कोणती ट्यूब लावतोस?” त्यानं खिशातून काढून दाखवली. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळालेली, गोरं करणारी म्हणून लोक लावतात ती. आत स्टेरॉइड होतं. अडीच महिने तो ती रोज दोन वेळा लावत होता.

क्रीम का लावली, हे आईला माहीत नव्हतं. त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. विद्यापीठाच्या मागं बौद्ध लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यानं नाचाची एक रील केली होती. केस तपकिरी रंगवलेले, मित्राची गाडी, पिवळा शर्ट. त्याच्या स्वतःच्या खात्यावर ती दोन-तीनशे जणांनी पाहिली. मग लोकांची टर उडवणाऱ्या एका पेजनं ती उचलली, मागं हसण्याचा आवाज जोडला आणि वर लिहिलं, ‘छपरी नं. 1’. तिथं ती लाखांच्या घरात गेली. खाली त्याच्या रंगावर, दातांवर, कपड्यांवर शेकडो लोक बोलले. कॉलेजात पोरं त्याला त्याच नावानं हाक मारू लागली. त्यानं रील काढून टाकली, पण पेजवरची तशीच राहिली. मग त्यानं मेडिकल गाठलं.

त्वचेवर उपचार करता येतात. आज मला लिहायचं आहे ते त्या पेजबद्दल आणि त्याला लाखांपर्यंत नेणाऱ्या यंत्राबद्दल. पोरगं गप्प झालं आणि पेज मोठं झालं, हे दोन्ही एकाच हिशोबातून घडलं. तो हिशोब आपल्याला वाचता आला पाहिजे.

आधी शब्द पाहू. ‘छपरी’ हा शब्द आपल्या घरातली पोरंही आता सहज वापरतात. रंगवलेले केस, भडक कपडे, स्वस्त गॉगल, मोठा आवाज करणारी गाडी असलेला गरीब पोरगा म्हणजे छपरी, असा त्याचा आजचा अर्थ. शब्दाच्या पोटात ‘छप्पर’ आहे. आपल्या राज्यात छप्परबंद नावाची जमातच आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 जाती आहेत, त्यात छप्परबंद येतात. इंग्रजांनी 1871 पासून केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली ज्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं, त्यांच्यात हे लोकही होते. तो शिक्का कायद्यानं 31 ऑगस्ट 1952 ला निघाला. आजच्या शिवीचा उगम थेट या जमातीच्या नावात असो की नुसत्या गवती छपरात, अर्थ एकाच दिशेला जातो. पक्क्या घरातल्यानं छपराखालच्याला ‘तू आमच्यात बसत नाहीस’ असं सांगायचं. त्यासाठी जात विचारायची गरज पडत नाही. केस, कपडे, बोली आणि मागची भिंत पाहून काम होतं.

हा तुच्छतेचा सूर मोबाइलवर किती विकला जातो, ते देशानं मे 2020 मध्ये पाहिलं. लॉकडाऊन होता, सगळे घरात होते. 8 मे रोजी ‘कॅरीमिनाटी’ या नावानं यूट्यूबवर असणाऱ्या तरुणानं टिकटॉकवाल्यांची खिल्ली उडवणारा एक व्हिडिओ टाकला. टिकटॉकवर तेव्हा खेड्यातली, छोट्या शहरातली, कमी शिकलेली पोरं-पोरी मोठ्या संख्येनं होती. शेतात, पत्र्याच्या घरासमोर, कामाच्या जागेवर ती नाचत आणि अभिनय करत. आठवडाभरात त्या व्हिडिओला 7 कोटींहून जास्त व्ह्यूज आणि 1 कोटीहून जास्त लाइक्स मिळाले. छळवणुकीविरुद्धचा नियम मोडला म्हणून यूट्यूबनं तो 14 मे रोजी काढून टाकला. पण काढण्याआधी त्याला एवढं डोक्यावर घेतलं तेही यूट्यूबच्याच फीडनं. नियम एका खिडकीत बसला होता आणि बक्षीस दुसऱ्या खिडकीतून वाटलं जात होतं.

पुढं 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉकसह 59 अ‍ॅप बंद केली. 8 जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. टिकटॉकवरची गरिबांची पोरं आणि त्यांच्यावर हसणारी पक्क्या घरातली पोरं आता एकाच अंगणात आली. एक जण रील टाकतो, दुसरा तीच रील उचलून त्यावर हसतो, आणि व्ह्यूज दुसऱ्याला मिळतात.

असं का होतं? लोक वाईट झाले, एवढंच उत्तर मला पुरत नाही. फीड कसं ठरतं ते पाहू. मोबाइल उघडल्यावर कोणती गोष्ट वर दिसावी, हे कंपनीचं गणित ठरवतं. या गणितातला एक काळ आपल्याला आकड्यांसह माहीत आहे, कारण फेसबुकची आतली कागदपत्रं 2021 मध्ये बाहेर आली. 2018 मध्ये फेसबुकनं ठरवलं की मित्रांमधली देवाणघेवाण वाढवायची, आणि त्यासाठी गुण लावले. साध्या लाइकला 1 गुण. हसणं, राग, रडणं अशा इमोजीला 5. काही न लिहिता शेअर केलं तर 5. भरीव, लांब कॉमेंटला 30.

या गुणांनी दोन पोस्ट मोजून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत. खरं गणित लिहिणारा-वाचणारा एकमेकांच्या किती जवळचे आहेत हेही धरत होतं, ते इथं सोडून देते.

पहिली पोस्ट आमच्या मंडळाची, मधुमेहाच्या पायाची काळजी कशी घ्यावी यावर. 200 लाइक, 4 चांगल्या कॉमेंट, 6 शेअर. म्हणजे 200 अधिक 120 अधिक 30, एकूण 350 गुण. दुसरी पोस्ट त्या पोराची टर उडवणारी. लाइक फक्त 100. पण हसणारे इमोजी 150, म्हणजे 750 गुण. लांब कॉमेंट 40, म्हणजे 1200. शेअर 60, म्हणजे 300. एकूण 2350. लाइक निम्मे असूनही गुण साडेसहा पटीच्या वर.

आता त्या 40 कॉमेंटकडे परत पाहा. समजा त्यातल्या 25 जणांनी लिहिलं की लाज वाटू द्या, गरिबाच्या पोराला का हसता. या 25 भल्या माणसांनी मिळून त्या पेजला 750 गुण दिले. जेवढे हसणाऱ्या 150 जणांनी दिले, तेवढेच! यंत्राला बाजू कळत नाही, हालचाल कळते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवतात की नाडी 120 लागली तर आधी विचारा, ताप आहे, भीती आहे की माणूस जिना चढून आलाय? फीड नुसती नाडी मोजतं आणि जिथं ती जास्त लागते तिकडे आणखी माणसं पाठवतं.

फेसबुकच्या स्वतःच्याच माणसांना 2019 पर्यंत दिसलं होतं की ज्या पोस्टवर रागाचे इमोजी जास्त येतात, त्यांत खोटी माहिती आणि विखार जास्त असतो. रागाच्या इमोजीचं वजन कमी कमी करत सप्टेंबर 2020 मध्ये ते शून्य केलं गेलं. त्यानंतर लोकांच्या फीडमध्ये खोटं आणि हिंसक साहित्य कमी झालं. म्हणजे औषध होतं, आणि ते त्यांच्याच कपाटात होतं. समाजाचा सूर किती तापावा याचं एक बटण कुठल्या तरी कचेरीत असतं आणि तो आकडा ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही.

आज आपली पोरं इन्स्टाग्रामवर आहेत. त्याचे नेमके गुण कंपनी जाहीर करत नाही. पण इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये तीन मुख्य गोष्टी सांगितल्या. लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात, जितक्यांपर्यंत तो पोचला त्यातले किती जण लाइक करतात आणि किती जण तो कुणाला तरी पाठवतात. अनोळखी लोकांपर्यंत पोचण्यासाठी यातलं ‘पाठवणं’ विशेष महत्त्वाचं, असंही त्यांनी सांगितलं. आता मनाशी विचारा, आपण मित्राला काय पाठवतो? चांगला नाच पाहिला तर लाइक करून पुढं जातो. टर उडवलेली रील मात्र ‘बघ रे हा’ म्हणून ग्रुपवर टाकतो, कारण टिंगल एकट्यानं करता येत नाही, तिला सोबती लागतो. ‘तुमच्या त्या मित्राला पाठवा जो असाच दिसतो,’ असं या पेजवाल्यांनी खाली लिहिलेलं असतं, ते उगाच नाही.

कंपन्या म्हणतात, लोकांना आवडतं तेच आम्ही दाखवतो. हे तपासून पाहिलं गेलं आहे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ट्विटर वापरणाऱ्यांना दोन्ही प्रकारचं फीड दाखवलं. एक गणितानं निवडलेलं, दुसरं नुसतं वेळेच्या क्रमानं. राजकीय ट्वीटपैकी वेळेच्या क्रमात 52 टक्के रागाची होती, गणितानं निवडलेल्यांत 62 टक्के. आणि लोकांना थेट विचारलं, तेव्हा गणितानं निवडलेली राजकीय ट्वीट्स त्यांना जास्त पसंत नव्हती. अपघात झालेल्या जागी मान वळते, म्हणून आपल्याला अपघात आवडतो असं होत नाही.

बोलणाऱ्याचं काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 7,331 ट्विटर वापरणाऱ्यांची 1 कोटी 27 लाख ट्वीट्स तपासून 2021 मध्ये निष्कर्ष मांडला. ज्यांना संतापाच्या बोलण्यावर जास्त लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढं आणखी संतापानं बोलू लागले. म्हणजे फीड तापट माणसं नुसती शोधत नाही, घडवतंही. टर उडवणाऱ्या पेजच्या मागं बहुतेक वेळा एखादं साधं पोरगंच असतं. त्याच्या गाण्याच्या रीलला कोणी विचारलं नाही. एका टिंगलीला हजारो आले. दुसऱ्या दिवशी त्यानं काय करायचं, ते त्याला यंत्रानं शिकवलं.

आपणही यातून सुटलेलो नाही, हे मला या पानावर स्पष्ट लिहायचं आहे. आपली काही पोरं समोरच्यांच्या रीलला उत्तर म्हणून त्यांच्या आयाबहिणींवर, दिसण्यावर बोलतात आणि आपण ‘जय भीम, सडेतोड’ लिहून ती पुढं पाठवतो. बैठकीत चुकून विरोधी मत मांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कुणी तरी ‘अंकल, निघा’ म्हणतं आणि बाकीची पोरं मोबाइल वर करून चित्रण करतात. मोबाइलमधला सूर विहारातल्या बैठकीत येऊन बसला आहे.

टिंगल मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. सत्यशोधकी जलशांनी भटशाहीची टर उडवली. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं हसवत हसवत लोकांना जागं केलं. पण तो शाहीर वरच्यावर हसत होता, आपलं नाव सांगून हसत होता आणि समोर बसलेल्या माणसांचे चेहरे त्याला दिसत होते. इथं पेजला नाव नाही, चेहरा नाही आणि हसायला निवडलेला माणूस नेहमी स्वतःपेक्षा खालचा. सम्यक वाचेत कठोर बोलणं आणि निरर्थक बडबड दोन्ही वर्ज्य आहेत. सत्ताधाऱ्याला खडा सवाल करणं त्यात बसतं. एका पोराच्या दातांवर हसणं बसत नाही.

आता त्या मुलाकडे येते, कारण तुमच्या घरातही हे घडू शकतं. काय केलं ते क्रमानं सांगते.

क्रीम त्याला स्वतःहून झटक्यात बंद करायला सांगितली नाही. अशी क्रीम अचानक सोडली की चेहरा जास्त भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. त्याला घाटीच्या त्वचारोग विभागात नेलं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे या क्रीमनं चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणूनच माणूस फसतो. नंतर लाली, पुटकुळ्या आणि उन्हात आग सुरू होते. मूल अचानक नवी ट्यूब वापरत असेल, तर ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काही लिहिलंय का ते पाहा, आणि त्याबरोबर त्याला कोण काय म्हणतंय हेही हळूच विचारा.

मग मोबाइल घेतला. त्याच्या काकानं त्या पेजवर भांडायला सुरुवात केली होती. ते आधी थांबवलं. पेजची लिंक कुठल्याही ग्रुपवर ‘निषेध करा’ म्हणून टाकू दिली नाही. पेजचं नाव, रीलची लिंक, तारीख आणि वाईट कॉमेंट्स यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. रील मुळात मुलाची स्वतःची होती, म्हणून छळवणुकीच्या तक्रारीबरोबर कॉपीराइटची तक्रारही आईच्या नावानं केली. या तक्रारीत तक्रार करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळू शकतं, ते धरून चालावं. काही दिवसांनी तिथली रील निघाली. तोपर्यंत आणखी दोन पेजनी ती उचलली होती. एकीवरची आजही आहे. हे औषध पूर्ण लागू पडत नाही, हे लपवून उपयोग नाही.

त्याच्या खात्यावर `Hidden Words` मध्ये शब्द भरले. तिथं ‘छपरी’ एकदा लिहून भागत नाही. `छपरी`, `chapri`, `chhapri`, `chapree` असे सगळे प्रकार भरावे लागतात, कारण पोरं रोमन लिपीत आणि मुद्दाम चुकीचं लिहितात. हे फक्त आपल्या खात्यावरच्या कॉमेंटना लागू होतं, दुसऱ्याच्या पेजवर नाही. आपली रील दुसऱ्यानं सहज वापरू नये म्हणून रीमिक्स आणि डाउनलोडची परवानगी बंद केली. आणि वस्तीतल्या पोरांना सांगितलं की आधार द्यायचा तर त्याच्या स्वतःच्या रीलखाली द्या. तुमचे गुण त्याला मिळू द्या, टर उडवणाऱ्याला नको.

कायद्याचं लोक विचारतात. जातीवरून जाहीर अपमान झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(आर) लागतं, आणि इंटरनेटवरचा अपमानही ‘लोकांच्या नजरेसमोर’ धरला जाऊ शकतो, असं केरळ उच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं आहे. पण अपमान जातीमुळं झाला हे दाखवावं लागतं. ‘छपरी’ हा शब्द जात न सांगता वार करतो, म्हणून निसटतो. आणि ज्या छप्परबंदांच्या नावाचा त्यात आवाज आहे, ते महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतात, अनुसूचित जातीत नाही, त्यामुळं हा कायदा त्यांच्या मदतीला येत नाही. विमुक्त-भटक्यांच्या संघटनांबरोबर बसून यावर मागणी करायला हवी. ते आपलं पुढचं काम आहे.

मुलं झोपत नसतील, जेवण टाळत असतील, कॉलेज बुडवत असतील, मोबाइल वाजला की दचकत असतील किंवा मरणाची भाषा करत असतील, तर ‘मोबाइल सोड, सगळं नीट होईल’ म्हणू नका. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. मरणाची भाषा असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि सरळ दवाखान्यात घेऊन या.

चार महिन्यांनी त्या मुलाचे गाल बरेच निवळले. परवा तो भेटला तर केस पुन्हा तपकिरी. मी म्हटलं, “काय रे, परत रंगवले?” म्हणाला, “मला आवडतात ना, ताई.” रील मात्र अजून टाकलेली नाही. त्याच्या मित्राच्या मोबाइलवर त्याच वेळी कुणाची तरी टर उडवलेली रील आली. त्यानं पाहिली, हसू आलं, बोट पाठवायच्या बाणाकडे गेलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ती वर सरकवून टाकली.